गल्ल्याचा रोजचा हिशोब आणि पेटी कॅश: हाताखालच्या माणसाला पैसे उचलायला जागाच राहू नये म्हणून

दुकान असो, क्लिनिकचं काउंटर असो नाहीतर छोटं वर्कशॉप, जिथे रोख पैसे येतात आणि मालक दिवसभर गल्ल्यावर बसू शकत नाही तिथे हा प्रश्न येतोच. बहुतेक जण रात्री गल्ला मोजतात, आकडा वहीत लिहितात आणि समजतात की हिशोब झाला. पण नुसतं मोजणं म्हणजे हिशोब नाही. गल्ल्यात किती पैसे आहेत हे कळून काय उपयोग, किती असायला हवे होते ते माहीत नसेल तर? सगळा खेळ या दोन आकड्यांच्या तुलनेचा आहे, आणि ते दोन्ही आकडे वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या जागेवरून यायला पाहिजेत.

सुरुवात सकाळपासून करा. गल्ल्यात रोज ठरलेली रक्कमच ठेवायची, समजा २००० रुपये, त्यातही जास्त सुट्टे. काल हजार, आज साडेतीन हजार असं नको, कारण मग रात्री कोणालाच आठवत नाही सकाळी किती होते. गल्ल्यावर बसणाऱ्याने ती रक्कम स्वतः मोजून सही करायची. आणि एका वेळी एका गल्ल्याला एकच हात. दोघे तिघे मिळून एकाच ड्रॉवरमध्ये हात घालत असतील तर पैसे कमी आले तरी कोणाला विचारणार? मग प्रामाणिक माणसावरही संशय येतो आणि तोच आधी काम सोडून जातो. जेवायला जाताना गल्ला दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर मोजून द्या, सकाळचे सुट्टे किती होते ते ठरलेलं असल्यामुळे पाच मिनिटांत होतं, किंवा सरळ वेगळा ड्रॉवर द्या.

दुपारी गल्ला भरला की मोठ्या नोटा काढून तिजोरीत टाकायच्या. काढताना दोघांनी मोजायचं, चिठ्ठीवर रक्कम आणि वेळ लिहायची, दोघांच्या सह्या, एक प्रत गल्ल्यात राहील आणि एक पैशाबरोबर जाईल. इथे एक गोष्ट सगळ्यात जास्त मालकांना जड जाते पण ती केल्याशिवाय बाकी सगळं वाया आहे: मालकाने किंवा घरच्या कोणी गल्ल्यातून पैसे घेतले तरी चिठ्ठी टाकायचीच. तुम्ही येता जाता दोनशे पाचशे उचलता आणि लिहीत नाही हे हाताखालच्या माणसाला दिसत असतं, त्याला कळतं की या गल्ल्यात कमी जास्त झालं तरी साहेबांना वाटेल आपणच घेतले असतील. त्याच्यासाठी याहून सोपा आडोसा मिळणार नाही.

आता रात्रीची मोजणी. गल्ल्यावरच्या माणसाला मशीनचा किंवा बिलबुकाचा एकूण आकडा आधी दाखवायचा नाही. त्याने नोटा वेगवेगळ्या लावायच्या, पाचशेच्या किती, शंभरच्या किती, नाणी किती, ते कागदावर पेनाने लिहायचं, बेरीज करायची, सही करायची आणि मगच तुम्ही तुमचा आकडा काढायचा. आधी आकडा कळला तर माणूस मोजत नाही, जुळवतो. जास्त असतील तर वरचे खिशात आणि कमी असतील तर कुठलं तरी बिल रद्द. सिस्टीममध्ये दिवसाचा रिपोर्ट त्याच्या लॉगिनला दिसत असेल तर तो बंद करून घ्या.

एक दिवस धरून बघू. सकाळचे सुट्टे २०००. दिवसभराची रोख विक्री १८,६४०. जुनी उधारी वसूल झाली १,२००. माल परत आला म्हणून गिऱ्हाईकाला परत दिले ३५०. दुपारी तिजोरीत टाकले १०,०००. म्हणजे सुट्टे, विक्री आणि वसुली मिळवली, परत दिलेले आणि काढलेले वजा केले, तर गल्ल्यात ११,४९० असायला हवेत. मोजणीच्या कागदावर आले ११,३१०. म्हणजे १८० कमी.

लगेच आवाज चढवायचा नाही. आधी पुन्हा मोजा, या वेळी दुसऱ्याने. तरी १८० कमीच. आता त्या आकड्याकडेच नीट बघा. १८० ला ९ ने पूर्ण भाग जातो, आणि लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ ने भागला जाणारा येतो. ९ ने भाग गेला म्हणून अदलाबदलच झाली असं नाही, पण शोधायची सुरुवात कुठून करायची ते कळतं. चिठ्ठ्या काढल्या तर माल परतीच्या चिठ्ठीवर ५३० आहेत आणि वहीत ३५० चढवलेत. फरक तिथेच निघाला. फरक बरोबर एखाद्या बिलाएवढा असेल तर बघा ते बिल कार्डने किंवा ऑनलाइन आलेलं असून रोखीत चढलंय का. आणि बरोबर १०० किंवा ५०० असा गोल फरक असेल तर मोजताना नोटा चिकटल्या, सुट्टे देताना नोट जास्त गेली, किंवा नोट उचलली गेली, एका दिवसावरून यातलं काय झालं ते सांगता येत नाही.

म्हणून फरकाची वेगळी वही ठेवा. तारीख, गल्ल्यावर कोण, किती कमी किंवा जास्त, कारण सापडलं का. फरक पडला तर खिशातून भरायचा नाही, त्यानेही नाही आणि तुम्हीही नाही, जसा आहे तसा लिहायचा. भरून टाकायला लावलं की पुढच्या वेळी ज्या दिवशी जास्त येईल तो दिवस तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण तो जास्तीचे बाजूला ठेवून कमी दिवसाची भरपाई करत राहील. पगारातून कापणं तर टाळाच, बऱ्याच ठिकाणी कायद्याने त्यावर बंधनं असतात.

आणि हो, जास्त पैसे आले म्हणून खूश होऊ नका. कमी येण्यापेक्षा मला जास्त येण्याची काळजी जास्त वाटते. गिऱ्हाईकाकडून पैसे घेतले, बिल फाडलंच नाही, पैसे गल्ल्यातच टाकले आणि संधी मिळाली की नंतर काढायचे, हा जुना प्रकार आहे. त्या दिवशी काढायला जमलं नाही तर गल्ला जास्त येतो. किती काढायचे ते लक्षात ठेवायला काही जण गल्ल्याच्या कोपऱ्यात नाणी किंवा काडेपेटीच्या काड्या वेगळ्या मांडून ठेवतात, अशा बिनकामाच्या वस्तू तिथे दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. अशा वेळी दिवसाच्या मधेच, न सांगता, दहा मिनिटं गल्ला थांबवून मोजा. रोज नको, पण आठवड्यात कधीही, ठरलेला वार नको.

पण एक मर्यादा समजून घ्या. बिल न करता पैसे थेट खिशात गेले तर रात्री गल्ला अगदी तंतोतंत जुळतो. रोख मोजून ही चोरी कधीच सापडत नाही, ती फक्त मालात सापडते. त्यासाठी सगळा स्टॉक मोजायची गरज नाही. महाग, लहान आणि पटकन खपणाऱ्या पाच वस्तू निवडा, रोज सकाळी मोजा, आणि रात्री पुन्हा. सकाळी ४० होते, २४ नवीन आले, बिलात २७ विकलेले दिसतात, म्हणजे ३७ उरायला हवेत. शेल्फवर ३३ असतील तर चार गेले कुठे? आधी तुटफूट, परत पाठवलेला माल, दुसऱ्या कोडने झालेलं बिल हे बघा. आणि दर थोड्या दिवसांनी पाचातल्या दोन वस्तू बदला, कुठल्या बदलल्या ते सांगू नका. याच्या जोडीला काउंटरवर गिऱ्हाईकाला दिसेल अशी पाटी लावा की बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन पैसे घेत असाल तर क्यूआर कोड तुमच्याच खात्याचा आहे ना, त्यावर दुसरा चिकटवलेला नाही ना, हे अधूनमधून स्वतः छोटी रक्कम पाठवून बघा.

रद्द केलेली बिलं आणि माल परत, हा दुसरा दरवाजा. गिऱ्हाईक गेल्यावर बिल रद्द केलं की तेवढे पैसे मोकळे होतात आणि हिशोबही जुळतो. नियम साधा ठेवा: रद्द बिलाच्या सगळ्या प्रती जपून ठेवायच्या, परतीच्या चिठ्ठीवर गिऱ्हाईकाची सही आणि फोन नंबर, आणि दोन्हीवर दुसऱ्या माणसाची सही. महिन्यातून दोन तीन नंबरांना फोन करून नुसतं विचारा की माल परत करताना काही अडचण आली का. फोन जातात हे कळलं तरी पुरतं.

आता पेटी कॅश. चहापाणी, रिक्षा, टपाल, बल्ब, असला किरकोळ खर्च गल्ल्यातून कधीच करू नका, त्यासाठी वेगळी कुलपाची पेटी आणि ती सांभाळणारा एकच माणूस, आणि तो गल्ल्यावरचा नको. पेटीची रक्कम ठरवून टाका, साधारण आठवड्याचा खर्च निघेल एवढी, समजा ३,०००. मग पेटीतले पैसे आणि व्हाउचर यांची बेरीज कुठल्याही क्षणी ३,००० यायलाच पाहिजे. पेटी उघडली, रोख निघाली १,१४०, व्हाउचर १,७८५ चे, एकूण २,९२५, म्हणजे ७५ चा हिशोब नाही. एवढं सोपं आहे, कधीही दोन मिनिटांत बघता येतं. पेटी भरताना सरसकट दोन हजार टाकायचे नाहीत, जेवढ्याची व्हाउचर आहेत तेवढेच, व्हाउचर ताब्यात घेऊन. ७५ ची तूट आधी वेगळी लिहायची, ती गुपचूप भरणीत मिसळायची नाही.

व्हाउचरला छापलेला नंबर हवा, रक्कम आकड्यात आणि अक्षरात (नाहीतर १०० चे ४०० किंवा १,१०० व्हायला वेळ लागत नाही), कशासाठी, कोणाला, घेणाऱ्याची सही आणि मागे बिल जोडलेलं. पैसे दिले की त्या बिलावरच आडवा शिक्का मारा किंवा रेघ ओढून तारीख टाका, कारण तेच बिल पुढच्या महिन्यात पुन्हा येणं ही पेटी कॅशमधली नेहमीची चोरी आहे. एका खर्चाला मर्यादा ठेवा, समजा ३००, त्याच्यावर तुमची परवानगी. मग २९०, २८५ अशी एकाच दुकानाची, एकाच दिवसाची दोन बिलं दिसायला लागली तर मोठं बिल तोडलंय हे ओळखा. पेटीतून उचल कोणालाच नाही, 'उद्या देतो' ची चिठ्ठी नाही. गरज खरी असेल तर पगाराच्या हिशोबात उचल द्या, तीही माणूस चोरीकडे वळू नये म्हणून मोकळ्या मनाने द्या, पण पेटीतून नको.

हे सगळं सुरू करताना लपवू नका. सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की उद्यापासून असं मोजणार, मालकाच्या चिठ्ठ्यासुद्धा पडणार, आणि फरक पडला म्हणून लगेच कोणाला चोर म्हणणार नाही. महिनाभराने फरकाची वही उघडा. कमी जास्त सगळ्यांच्या पाळीत विखुरलेलं असेल तर सुट्टे देण्याची पद्धत किंवा लिहिण्यातली घाई सुधारा. एकाच्याच पाळीत, पुन्हा पुन्हा, गोल आकड्यात कमी येत असेल तर त्याला एकट्याला बोलवा, वही समोर ठेवा आणि त्याला आधी बोलू द्या. कधी कधी निघतं की त्याच वेळेला दुसरंच कोणी मदतीच्या नावाखाली गल्ल्यावर बसत होतं, म्हणून दोन आठवडे त्याची पाळी बदलून बघा. फरक माणसाबरोबर गेला की त्या वेळेबरोबर तिथेच राहिला, यावरून पुढे कोणाशी बोलायचं ते ठरवा.