ओटीपी येत नाही म्हणून रिसेंड दाबत बसताय? या चुका टाळा

ओटीपी आला नाही की आपण काय करतो, रिसेंड दाबतो. तरी नाही आला की परत रिसेंड. आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सोलापुरातच चादरीचं दुकान, गोडाऊन खाली तळघरात. तिथं बसून बँकेच्या ॲपवरून पेमेंट करत होते. वाय-फाय फुल, म्हणून त्यांना वाटलं नेटवर्क आहेच की. पण ओटीपीचा एसएमएस येतो सिमच्या रेंजवर, वाय-फाय कितीही फुल असलं तरी त्याचा उपयोग नाही (वाय-फाय कॉलिंग चालू असेल तर कधीकधी येतो, ते सोडा). तळघरात सिमला रेंजच नव्हती. काकांनी 11:02 ला ओटीपी मागवला, मग 11:03 ला रिसेंड, 11:05 ला अजून एकदा. वैतागून वर रस्त्यावर आले तर तिन्ही मेसेज एकदम टणटण वाजले, आणि सगळ्यात वर दिसत होता पहिला. तोच टाकला, चूक. मग दुसरा टाकला, तोही चूक, आणि ॲप लॉक.

झालं असं, की फोन नेटवर्कवर सापडला नाही तर मोबाइल कंपनीचं एसएमएस सेंटर मेसेज फेकून देत नाही, ठेवून घेतं आणि थोड्या थोड्या वेळानं परत पाठवून बघतं, हा वेळ वाढतही जातो. म्हणून उशीर होतो, आणि मेसेज मागवलेल्या क्रमानं येतीलच असं काही नाही. इकडे बहुतेक ठिकाणी नवीन ओटीपी मागवला की जुना बाद होतो. म्हणजे आधी रेंजमध्ये या, फ्लाइट मोड चालू करून बंद करा, फोन नेटवर्कवर परत आला की अडकलेला मेसेज बऱ्याचदा लगेच येतो. मगच रिसेंड, तेही एकदाच.

तरी नाही आला तर घरातल्या कुणाला तरी त्या नंबरवर साधा एसएमएस टाकायला सांगा, व्हॉट्सॲप नाही हं. तोही आला नाही तर भानगड सिमची: रिचार्ज संपलाय का बघा, आणि दोन सिम असतील तर दुसऱ्यावर कॉल चालू नाही ना, कारण बऱ्याच फोनमध्ये तेवढ्या वेळ पहिलं सिम गप्पच असतं. साधा एसएमएस आला पण ओटीपी नाही, तर मेसेज ॲपमधलं `Spam & blocked` उघडा. तिथंही नसेल तर बँकेत कुठला नंबर दिलाय तो बघा, पुष्कळांचा जुना बंद नंबरच असतो तिथं.

आणि सिम हरवून नवीन घेतलं असेल तर पहिले 24 तास एसएमएस बंदच ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून. त्यात कस्टमर केअरला फोन करून भांडण्यात काही अर्थ नाही, सिम बदलायचंच असेल तर व्यापाऱ्याचं पेमेंट आधी उरकून घ्या.