जर्मनीला गेलो त्या वर्षी मी 'एनआरआय' नव्हतोच: १८२ दिवसांचा हिशेब

मी ११ सप्टेंबर २०२२ ला पुण्याहून जर्मनीला गेलो. अनंत चतुर्दशी ९ तारखेला होती, गणपती बुडवूनच निघालो. ऑफिसमधल्या एका सीनियरने सांगितलं होतं, "सप्टेंबर संपायच्या आत बाहेर पडलास की या वर्षी तू एनआरआय." मी ते डोळे झाकून मान्य केलं. त्याची किंमत सुमारे दोन लाख रुपये झाली, म्हणून हे लिहितो आहे.

मूळ नियम तुम्हाला माहीत असेलच. आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात तर तुम्ही रहिवासी, म्हणजे परदेशातला पगारही इथे करपात्र. साठ दिवसांची जी दुसरी अट आहे, ती नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी लागत नाही. इथवर सीनियरचं बरोबर होतं.

चुकलं ते पुढे. हे १८२ दिवस 'निघेपर्यंतचे' नसतात, १ एप्रिल ते ३१ मार्चमधले सगळे असतात. निघाल्यावर सुट्टीला आलात तर तेही दिवस त्याच वर्षाच्या खात्यात जमा होतात. माझे ११ सप्टेंबरपर्यंत १६४ दिवस झाले होते. मग फेब्रुवारीत भावाचं लग्न निघालं. ४ फेब्रुवारीला आलो, २२ ला परत गेलो. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून १९. एकूण १८३. येण्याचा दिवस वगळायचा असा वाद घातला, तरी १८२ उरतातच. दोन दिवस आधी निघालो असतो तर १८१ झाले असते आणि जर्मनीच्या पगाराला भारतात हात लागला नसता. बँकेतलं खातं एनआरओ करून घेतलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण बँकेचा नियम वेगळा, आयकराचा वेगळा.

म्हणून तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट उघडा आणि शिक्के मोजा. कुणालाही विचारण्याआधी हे करा. ग्रुपवरची उत्तरं ही ज्याच्या-त्याच्या वर्षाची असतात.

आता रहिवासी ठरलात म्हणून घाबरू नका, दोन्हीकडे पूर्ण कर भरावा लागत नाही. जर्मनीत माझं भाड्याचं घर होतं, त्यामुळे तिकडेही मी रहिवासी. अशा दुहेरी रहिवाशासाठी भारत-जर्मनी कर-करारात क्रम दिला आहे: कायमचं घर कुठे, ते दोन्हीकडे असेल तर जिव्हाळ्याचे संबंध कुठे, मग नेहमीचा वास, मग नागरिकत्व. मी कुटुंबासकट गेलो असतो तर जर्मनीचं पारडं जड झालं असतं आणि तिथला पगार तिथेच करपात्र आहे असा दावा करता आला असता. पण बायको आणि मुलगी जूनपर्यंत पुण्यात होत्या, फ्लॅटही आमचाच. सीए म्हणाले, हा दावा टिकणार नाही, क्रेडिट घ्या. मला ते पटलं.

क्रेडिट म्हणजे तिकडे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, यांतला जो कमी तेवढी वजावट. जर्मनीचा पगार साधारण २२ लाख, त्यावर तिकडे कापलेला कर ३ लाख ४० हजार. एप्रिल ते सप्टेंबरचा इथला पगार ९ लाख. सगळं मिळून भारतातला सरासरी दर पावणेपंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या २२ लाखांवर ५ लाख ४६ हजार. फरक २ लाख ६ हजार, तो मी भरला. आगाऊ कर भरला नव्हता म्हणून वर व्याजही. तिकडे पगारातून कापलेली पेन्शन आणि आरोग्यविम्याची रक्कम मी आधी करातच धरली होती. ती धरता येत नाही, फक्त आयकर धरा.

कागदांचा घोळ वेगळाच. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे जानेवारी-मार्च २०२३ चा कर ज्या वार्षिक दाखल्यात येतो, तो २०२४ उजाडल्यावर मिळतो. इथलं विवरणपत्र मात्र जुलै २०२३ मध्ये भरायचं. मी महिन्याच्या पगारपावत्या जोडल्या. रुपयांत बदलताना कर कापलेल्या महिन्याच्या आदल्या महिन्यातल्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लागतो, तेव्हा प्रत्येक पावतीसमोर तो लिहून ठेवा.

फॉर्म ६७ विसरू नका, त्याशिवाय क्रेडिट अडतं. माझ्या वर्षासाठी मुदत ३१ मार्च २०२४ होती, पण मी तो विवरणपत्राच्या आधीच भरला. तिकडचं बँक खातंही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलं, शिल्लक किरकोळ असूनही. यंदा मुलीच्या सुट्टीला येताना मी वहीत तारखा मांडून मगच तिकीट काढलं.