बोनसचा निर्णय तपासताना व्हिडिओ आधी थांबवा

आपल्या कोकणात कबड्डीच्या पंचावर वाद होतो तो बहुतेकदा बोनसवरून. नंतर व्हिडिओ बघताना पंचाचा हात आधी दिसला, की आपलं मत तिकडेच झुकतं. म्हणून असं करा:

१. आवाज बंद ठेवून, पंचाने खूण करण्याआधीच व्हिडिओ थांबवा. बचावाचे किमान ६ खेळाडू मैदानात होते का? चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा हवेत होता का? आपला निर्णय तक्त्यात लिहा, मगच पुढे चालवा.

२. पुन्हा बघा, फक्त पंचाला. तो रेषेच्या सरळीत होता की मागे राहिला? निर्णय बरोबर पण जागा चुकीची असेल तर तेही वेगळ्या रकान्यात नोंदवा. तिथून पुढच्या वेळी पाय दिसेलच असं नाही.

३. शेवटी आवाज लावून शिट्टी आणि खूण तपासा.

मोबाइल तिरका धरला असेल तर रेषा फसवते. अशा चढाईपुढे ‘दिसत नाही’ लिहा, पंचाची चूक धरू नका.