अंश आणि छेद दोन्ही शून्य होत असतील तर सीमा कशी काढावी

बहुपदी भागिले बहुपदी अशा फलाची सीमा काढताना प्रथम x ची किंमत सरळ घालून पाहावी. छेद शून्य आला नाही, तर मिळालेली संख्या हेच उत्तर असते. अंश आणि छेद दोन्ही शून्य आले, तर मात्र 0/0 हे उत्तर म्हणून लिहू नये. सीमा आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही, एवढेच त्यावरून कळते.

उदाहरणार्थ, x → 2 असताना पुढील फलाची सीमा काढू.

(x³ − 3x² + 4) / (x³ − 2x² − 4x + 8)

x = 2 घातल्यावर अंश 8 − 12 + 4 = 0 आणि छेद 8 − 8 − 8 + 8 = 0 येतो. अवयव सिद्धांतानुसार याचा अर्थ असा, की (x − 2) हा दोन्ही बहुपदींचा अवयव आहे, म्हणून कोणता अवयव शोधायचा हे आधीच ठरलेले असते.

आता अंशाला संश्लेषक पद्धतीने 2 घेऊन भागावे. येथे x चे पद नाही, म्हणून सहगुणक 1, −3, 0, 4 असे लिहावेत. तो 0 गाळण्याची चूक फार होते, पण ती लगेच पकडता येते, कारण मग बाकी शून्याऐवजी 2 उरते. योग्य मांडणीत 1, −1, −2 आणि बाकी 0 मिळते, म्हणजे अंश (x − 2)(x² − x − 2) होतो. छेदातील पदांचे दोन-दोनचे गट केल्यास (x − 2)(x² − 4) मिळते.

सीमा काढताना x हा 2 च्या जवळ जातो, परंतु 2 होत नाही. त्यामुळे (x − 2) शून्य नसतो आणि त्याने अंश व छेद दोघांनाही भागता येते. सगळ्या रीतीचा आधार हाच आहे. उरलेल्या (x² − x − 2)/(x² − 4) मध्ये 2 घातल्यास पुन्हा 0/0 येते. येथे रीत चुकली असे समजू नये. (x − 2) हा अवयव दोन्हीकडे दोनदा आहे, इतकेच. पुन्हा अवयव पाडल्यावर

(x − 2)(x + 1) / [(x − 2)(x + 2)] = (x + 1)/(x + 2)

असे मिळते आणि सीमा 3/4 येते. पडताळ्यासाठी मूळ फलात x = 2.01 घातल्यास सुमारे 0.7506 ही किंमत येते. x = 2 वर मूळ फल अजूनही अव्याख्यातच आहे, आणि 3/4 ही त्याची तेथील किंमत नव्हे, सीमा आहे. संक्षेप करतानाच्या प्रत्येक ओळीत lim चिन्ह ठेवावे आणि 2 घातल्यावरच ते काढावे.

हाच छेद ठेवून अंशात फक्त x² − x − 2 असता, तर एकदा संक्षेप केल्यावर (x + 1)/[(x − 2)(x + 2)] उरले असते. येथे अंश 3 कडे जातो आणि छेद 0 कडे. फलाची किंमत 2 च्या उजवीकडे धन दिशेने आणि डावीकडे ऋण दिशेने अमर्याद वाढते, म्हणून सीमा अस्तित्वात नाही, असे उत्तर लिहावे.