नावाचा कॉलम उडवला, तरी बाई सापडतेच

गावात सर्व्हे करून आलेल्या पोरांची एक ठरलेली पद्धत असते. एक्सेल उघडायचं, नाव आणि मोबाइल हे दोन कॉलम डिलीट करायचे, फाइलला `final_anonymous.xlsx` नाव द्यायचं आणि ती ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं. अहवालात एक वाक्य येतं: ‘उत्तरदात्यांची ओळख गुप्त ठेवली आहे.’ बहुतेक वेळा ती ठेवलेली नसते, आणि व्हायव्हात कुणी विचारत नाही म्हणून ते खपून जातं.

समजा, एमएसडब्ल्यूचा प्रोजेक्ट आहे: बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या सहा गावांतल्या १२० बायकांवरचं फायनान्सचं कर्ज. नाव-नंबर काढल्यावर एका ओळीत उरतं ते असं: गाव, वय ३४, शिक्षण बीए, शिवणकाम, तीन मुली, कर्ज ₹४३,५००, हप्ता ₹१,१४०, मंगळवारी, थकलेले हप्ते ५, ‘घरी माहीत आहे का?’ – नाही.

आता ही ओळख पटवायला हॅकर कशाला हवा? शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात बीए झालेली, शिवणकाम करणारी, तीन मुलींची आई किती जणी असणार? जाऊबाईंनी ओळ वाचली की त्या म्हणणार, “अगे, ही तर वरच्या गल्लीतली की!” गावाबाहेरच्या माणसाला मतदार यादी आहे. तीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग छापलेलं असतं. गाव आणि वय जुळवलं की चार-पाच नावं उरतात, पुढचं काम चहाच्या टपरीवर एक प्रश्न विचारून होतं.

अमेरिकेत हेच घडलं होतं. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या. संशोधक लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही जुळवून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहाच जण होते, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकटे वेल्ड. झालं, त्यांची दवाखान्याची नोंद हाती आली.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना वर्गात कळलेलं असतं. सगळे अडकतात ते पुढच्या ठिकाणी, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. कर्जाची रक्कम आणि हप्ता यांकडे आपण ‘उत्तर’ म्हणून बघतो. ज्याच्या वहीत तीच रक्कम आधीपासून लिहिलेली आहे, त्याच्यासाठी ते उत्तर नसून नाव असतं. फायनान्सच्या वसुलीवाल्याकडे त्या गावाची यादी असते: कोण, किती, कुठल्या वारी. ₹१,१४० आणि मंगळवार म्हटल्यावर त्याला वय-शिक्षणाची गरजच उरत नाही. आणि त्याला नवं काय कळतं? ‘घरी माहीत नाही.’ म्हणजे दारात जाऊन आवाज चढवला की ही बाई घाबरून कुठूनही पैसे आणेल. सर्व्हेने त्याच्या हातात हे दिलं. म्हणून प्रत्येक कॉलमपुढे एकच प्रश्न लिहा: हे आणखी कुणाला आधीच माहीत आहे? शेजारणीला मुलांची संख्या माहीत असते, वसुलीवाल्याला रक्कम, बचत गटाच्या अध्यक्षांना कर्जाची तारीख. त्या सगळ्या कॉलमना ओळख-कॉलम समजायचं.

आपल्या सीमाभागात ‘घरी बोलली जाणारी भाषा’ हाही तसाच कॉलम आहे. पूर्ण कन्नड वस्तीत मराठीची तीन घरं असली, किंवा उलट असलं, तर भाषा लिहिणं म्हणजे घराचा पत्ता लिहिणं. प्रोजेक्टचा प्रश्न भाषेचा नसेल तर तो कॉलम विचारूच नका. न घेतलेली माहिती फुटत नाही.

मग मोजायचं कसं? सारख्या ओळख-कॉलमच्या किती ओळी एकत्र पडतात ते बघायचं. पायथनच्या पांडाजमध्ये `df` नावाने फाइल उघडली की तीन ओळींचं काम आहे:

```python
q = ["gaav", "vay", "kaam", "shikshan"]
df["k"] = df.groupby(q, dropna=False)["kaam"].transform("size")
print(df["k"].value_counts().sort_index())
```

`k` १ आला म्हणजे तशी ओळ एकटी आहे. अशा फाइलमध्ये पहिल्या वेळी १२० पैकी १०४ ओळी एकट्या निघाल्या तर दचकू नका, एवढ्याशा सर्व्हेत असंच होतं. सहा गावांऐवजी ‘पश्चिमेची जंगलपट्टी’ आणि ‘पूर्वेची मोकळी गावं’ असे दोनच भाग करा. वयाचे तीन गट करा. शिवण, पापड, किराणा हे सगळं ‘घरगुती धंदा’त घाला. शिक्षण दहावीपर्यंत आणि पुढे, एवढंच. रक्कम ‘₹२५ हजारांच्या आत’, ‘२५ ते ५०’, ‘त्यावर’ अशा टप्प्यांत लिहा, टप्प्याचा कॉलमही `q` मध्ये घाला, आणि हप्ता, वार, थकलेल्या हप्त्यांचा आकडा व मुलांची संख्या काढून टाका. पुन्हा मोजा, आणि पाचपेक्षा लहान गटांत बऱ्याच ओळी राहिल्या तर गट आणखी मोठे करा. पाचपेक्षा लहान गटांतल्या चार-सहा ओळी उरल्या तर त्या वगळा आणि किती वगळल्या ते अहवालात लिहा. गाइड म्हणतील सॅम्पल कमी होतं. होऊ दे, ११५ वरही टक्केवारी निघते.

एवढ्यावर थांबू नका. गट पाच जणींचा आहे, पण पाचही जणींचं उत्तर ‘घरी माहीत नाही’ असेल तर कोणती ओळ कुणाची हे कळायची गरजच नाही. त्यांतल्या एखादीचा सर्व्हे झाला होता एवढं ठाऊक असलेल्याला उत्तर मिळालं. प्रत्येक गटात नाजूक कॉलमची निदान दोन वेगळी उत्तरं आहेत का ते डोळ्यांनी बघा. नसतील तर गट आणखी मोठा करा.

शॉर्टकटवाल्यांसाठी एक सरळ इशारा. मोबाइल नंबरचा `SHA-256` हॅश, म्हणजे त्या नंबरावरून दर वेळी तीच निघणारी अक्षरमाळ, करून ‘आयडी’ म्हणून ठेवायचा सल्ला सीनियर हमखास देतात. तो सल्ला वाईट आहे. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साध्या लॅपटॉपलाही काही तास पुरतात. त्यापेक्षा ओळी आधी ढवळा आणि मग क्रमांक द्या. क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा आणि निकाल लागल्यावर नष्ट करा.

ढवळायचं का? गूगल फॉर्मचा `Timestamp` कॉलम असतो म्हणून. गाव काढलंत, पण १२ तारखेला सकाळी तुम्ही एकाच गावात होता हे अहवालाच्या परिशिष्टातल्या वेळापत्रकात छापलंय. गाव परत आलं. कॉलम काढला तरी ओळींचा क्रम तोच राहतो, आणि पहिल्या वीस ओळी पहिल्या गावाच्या हे कुणीही ओळखतं.

शीट शेअर करतानाही तेच. एडिटचा हक्क दिलात तर समोरचा `Version history` मधून डिलीट केलेली नावं परत आणू शकतो. नवी फाइल बनवून त्यात फक्त उरलेले आकडे पेस्ट करा.

शेवटी तक्ते तपासा. तिसऱ्या प्रकरणात ‘जंगलपट्टीत थकबाकीदार २३’ आणि चौथ्यात ‘जंगलपट्टीतल्या थकबाकीदार विवाहित स्त्रिया २२’ असेल, तर वजाबाकीतून एकच बाई उरते. मग चौथ्या प्रकरणातला तो आकडा पट्टीनुसार न देता पूर्ण तालुक्याचा द्या.