जिनिंगच्या शेडची ब्रेसिंग जोडायच्या आधी ब्लॉक शिअर पाहून घ्या

आपल्याकडं वैशाखात वावटळ आली की शेडचे पत्रे फडफडतात, अन् वाऱ्याचा खरा जोर जातो क्रॉस ब्रेसिंगच्या अँगलवर, म्हणून कटिंगले सुरुवात व्हायच्या आधी काय काय तयार पाहिजे ते लिहून देतो. हिंगणघाटकडच्या एखाद्या कापसाच्या गोदामाचं उदाहरण धरा. ६५×६५×६ चा अँगल, ८ मिमीच्या गसेटवर लॅप केलेला, एका रांगेत तीन एम१६ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, स्टील साधं २५० ग्रेडचं, अन् फॅक्टर लावून ओढ १२० किलोन्यूटन.

सगळ्यात आधी बोल्ट पाहा, कारण सगळे तिथंच थांबतात. थ्रेड शिअर प्लेनमध्ये येतील असं धरून एक बोल्ट ५८ किलोन्यूटन घेते, तीन मिळून १७४, म्हणजे भरपूर वाटते. अँगलचं पूर्ण सेक्शन यील्ड व्हायले १६९ लागते, भोकातून फाटायले १५६. इतकं पाहून कागद बंद केला तर गडबड आहे राजेहो, कारण अँगल फाटायचा आणखी एक रस्ता आहे. बोल्टच्या रांगेतून टोकापर्यंत धातू कातरला जाते, अन् सगळ्यात आतल्या बोल्टपासून अँगलच्या मोकळ्या कडेपर्यंत आडवा फाटते, मंग अख्खा तुकडा बोल्टांसकट गसेटवर राहते अन् अँगल निघून जाते. हाच ब्लॉक शिअर.

त्यासाठी ड्रॉइंगवर तीन मापं नक्की लिहिलेली पाहिजे: टोकापासून पहिल्या भोकाचं अंतर ३० मिमी, पिच ५०, अन् भोकाच्या मध्यापासून मोकळ्या कडेपर्यंत ३० (६५ च्या अँगलले गेज ३५ घेतात, उरले ३०). भोक १८ चं. मंग आयएस ८०० ची दोन्ही समीकरणं करा अन् लहान आकडा घ्या:

```
Avg = (30+50+50)*6 = 780     Avn = (130-2.5*18)*6 = 510
Atg = 30*6 = 180             Atn = (30-9)*6 = 126   (mm2)
Tdb1 = Avg*250/(1.732*1.10) + 0.9*Atn*410/1.25     = 139.5 kN
Tdb2 = 0.9*Avn*410/(1.732*1.25) + Atg*250/1.10     = 127.8 kN
```

२.५ भोकं काहून, तर कातरायची रेघ आतल्या भोकाच्या मध्यावर संपते, म्हणून त्याचं अर्धंच वजा होते. बेअरिंगनं तीन बोल्ट १३१ देतात, म्हणजे सगळ्यात कच्चा दुवा ब्लॉक शिअरच आहे, १२७.८, अन् १२० ची ओढ त्यात बसते. बसते, पण जेमतेम.

म्हणून साइटवर कोणी पिच कमी करायले लागलं तर हात पकडा. गसेट आखूड पडला की फॅब्रिकेटर म्हणते, "दादा, चाळीसवर मारतो, कोडमध्ये चालते." चालते खरं, एम१६ ले कमीत कमी पिच ४० च आहे, पण ते फक्त भोकं जवळ घ्यायची मर्यादा आहे, ताकदीची हमी नाही. पिच ४० केली की ब्लॉक शिअर १०७ वर येते अन् बेअरिंग ११६ वर, दोन्ही १२० च्या खाली. बोल्ट तेच, अँगल तोच, अन् जॉइंट फेल. गसेट २० मिमी लांब कापा, तेवढा खर्च काहीच नाही.

टोक कसं कापणार ते पण आधीच ठरवा. करवतीनं कापलं तर भोकाच्या १.५ पट म्हणजे २७ मिमी पुरते, आपले ३० चालतात. हातानं गॅस कटिंग केलं तर १.७ पट, म्हणजे ३०.६ लागते, ३० नापास, मंग ३५ ठेवून ड्रॉइंग बदला. भोकं ड्रिलनंच मारा, पंच केली तर हिशोबात भोक २ मिमी मोठं धरावं लागते अन् आपल्याकडं तेवढी ढील उरलेलीच नाही, आणि गॅसनं भोक तर मोठं करूच नका. खुणा पाडल्यावर टेप लावून टोकाचं अन् कडेचं अंतर दोन्ही अँगलवर स्वतः मोजा, कारण भोक कडेकडं ५ मिमी सरकलं तर आडव्या फाटीची लांबी ३० ची २५ होते अन् ब्लॉक शिअर १२१ वर येते.

गसेट पण विसरू नका, तो जाड आहे म्हणून आपोआप पास होत नाही, त्याच्या टोकाची अन् कडेची मापं घेऊन हेच हिशोब परत करा. बोल्टच्या पेटीत ८.८ चा शिक्का डोक्यावर दिसतो का ते पाहा, ४.६ चे निघाले तर तीन मिळून ८७ च देतात अन् ब्लॉक शिअरपर्यंत जायची गरजच नाही. पुढं वादळ होऊन गेल्यावर शेड पाहायले गेले तर आतल्या बोल्टापासून मोकळ्या कडेकडं रंगाले आडवी चीर पडली का अन् भोकं लांबट झाली का हे पहिले पाहा, चीर दिसली तर तो अँगल तसाच पुन्हा कसून ठेवू नका, बदला.