क्रमवारी लावण्याआधी मिनिटांची बेरीज जुळवा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम संपला की तालमीच्या खेळाडूंची क्रमवारी ‘90 मिनिटांमागे गोल’ या आकड्यावर लावता येते. इथे मिनिटांतला एक अंक गळला तरी भलताच खेळाडू वर चढतो.

समजा, एक्सेलमध्ये B म्हणजे सामने, C मिनिटं, D गोल. 6 गोल करणाऱ्याची 954 मिनिटं चुकून 95 अशी पडली, तर `=D2*90/C2` हे 0.57 ऐवजी 5.68 दाखवतं.

1. जादा अंक पकडायला हे सूत्र खालपर्यंत ओढा:
```
=IF(C2>B2*90,"तपासा","")
```
2. गळलेला अंक यात सापडत नाही. त्यासाठी संघाच्या सगळ्या मिनिटांची बेरीज करा. 12 सामन्यांचे 12 × 11 × 90 = 11,880 यायला हवेत. वरच्या चुकीत नेमके 859 कमी भरतील. लाल कार्डानंतरची मिनिटं मात्र 11,880 मधून आधी वजा करा, आणि भरपाई वेळ धरूच नका.
3. मग D2*90/C2 उतरत्या क्रमाने लावून वरची चार-पाच नावं पंचांच्या सामनापत्रकाशी ताडा.

आकडा विचित्र दिसला म्हणून ओळ उडवू नका. बदली येऊन 20 मिनिटांत दोन गोल मारणारा पठ्ठ्या खराही असतो. त्याच्यासाठी किमान मिनिटांची अट ठेवा.